राधेय, कौन्तेय, पुन्हा राधेय

उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण हस्तिनापुरातून निघतो आणि जाताजाता कर्णाला आपल्या रथात घेतो. तिथे जे बोलणं होतं, त्याची सुरुवात कृष्ण 'राधेय' या हाकेने करतो. राधेया, तू वेद जाणणाऱ्या ब्राह्मणांची सेवा केलीस, त्यांना तत्त्वं विचारलीस, धर्मशास्त्रातल्या बारीक गोष्टी तुला ठाऊक आहेत, असं तो म्हणतो. मग शास्त्र सांगतो, जन्माची हकिगत सांगतो, पाच पांडव तुझे पाय धरतील म्हणतो, राज्याभिषेकाचं चित्र उभं करतो. आणि शेवटाकडे येताना म्हणतो, 'प्रशाधि राज्यं कौन्तेय कुन्तीं च प्रतिनन्दय.' कौन्तेया, राज्य कर आणि कुंतीला आनंद दे.

बोलणारा तोच, ऐकणाराही तोच. मधल्या वीसेक श्लोकांत ऐकणाऱ्याची आई बदलली आहे. कृष्णाच्या भाषणाचा सगळा डाव त्या दोन हाकांच्या मध्ये आहे. आता ही जागा इंग्रजीत आणायची तर काय करायचं? आजकाल अनेक संपादकांचा अनुवादकाला पहिला आग्रह असतो तो 'एका पात्राला एकच नाव' हा. वाचक गोंधळतो, पुस्तक खाली ठेवतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा नियम पाळला की पहिल्या ओळीत 'कर्ण' येतो आणि शेवटच्या ओळीतही 'कर्ण'च येतो. वाक्यं सरळ वाचली जातात, व्याकरणही चुकत नाही, फक्त कृष्ण काय करत होता ते दिसत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की एकच नाव ठेवण्याचा नियम निवेदनात चालेल, पण पात्रांच्या तोंडी तो लावू नये. आणि सगळी नावं जशीच्या तशी ठेवून मागे शब्दसूची जोडणं हाही त्यावरचा उपाय नाही.

संपादकांच्या बाजूने बोलायचं तर त्यांचं सगळंच चूक नाही. महाभारतातली बरीच विशेषणं छंदासाठी येतात. अनुष्टुभाचा चरण आठ अक्षरांचा. त्यात कुठे तीन अक्षरं कमी पडली की 'माधव' बसतो, पाच कमी पडली की 'मधुसूदन' किंवा 'भरतर्षभ'. होमरच्या काव्याबद्दल मिल्मन पॅरी यांनी 1928 मध्ये पॅरिसमध्ये हेच दाखवून दिलं होतं. अकिलीस बसलेला असला तरी त्याला 'चपळ पायांचा' म्हणतात, कारण त्या जागी तेवढ्या मापाचं नाव लागतं. मौखिक परंपरेतून आलेल्या आपल्या काव्यालाही हे लागू आहे. कृष्णाला उत्तर देताना कर्ण त्याला केशव म्हणतो, वार्ष्णेय म्हणतो, मधुसूदन आणि माधवही म्हणतो. यातल्या केशव-माधव-मधुसूदन यांच्या जागी इंग्रजीत सरसकट 'कृष्ण' लिहिलं, तर माझ्या मते फारसं काही हरवत नाही. मधू दैत्याला मारल्याची आठवण कर्णाला त्या क्षणी व्हायचं काही कारण नसतं.

पण मग राधेय-कौन्तेय हेसुद्धा छंदाचंच काम नव्हे कशावरून? हे तपासता येतं. 'राधेय' म्हणजे गुरू, गुरू, लघू. 'कौन्तेय' म्हणजेही गुरू, गुरू, लघू. दोन्हींचं माप तंतोतंत एक. 'प्रशाधि राज्यं राधेय' म्हटलं असतं तरी चरण बिनबोभाट बसला असता. दोन नावं एकाच मापाची असतील आणि कवीने त्यातलं एक निवडलं असेल, तर ती निवड छंदाने केलेली नाही, अर्थाने केलेली आहे. 'पार्थ' आणि 'कर्ण' यांचंही तसंच, दोन्ही गुरू-लघू. कर्णाला लागणाऱ्या नावांपैकी नेमकी ही दोन जोडपी एकमेकांच्या जागी बसू शकतात, आणि नेमक्या त्याच ठिकाणी कवी सावधपणे निवड करतो. अनुवादकाला संस्कृत येत असेल तर ही परीक्षा मिनिटभराची आहे.

आता कुंतीची भेट बघा. गंगेच्या काठी कर्ण पूर्वेकडे तोंड करून, हात वर करून जप करतोय. कुंती मागे उभी आहे. ऊन लागतंय म्हणून त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत ती थांबते, आणि तिथे कवी तिला नाव घेऊन 'कुंती' म्हणत नाही. 'कौरव्यपत्नी वार्ष्णेयी', सुकत चाललेल्या कमळांच्या माळेसारखी. कुरुकुळातल्याची बायको, वृष्णींची लेक. सासर आणि माहेर दोन्ही सांगून झालं, फक्त ज्याच्या सावलीत ती उभी आहे त्याच्याशी असलेलं नातं सांगितलेलं नाही. हे निवेदन आहे हे खरं, त्यामुळे निवेदनात नावं कमी करा या माझ्याच नियमाला इथे मुरड घालावी लागते. इंग्रजीत मी ते दोन शब्द दोन छोट्या वाक्प्रचारांत उलगडून ठेवीन आणि पुढच्या पानावरची दोन-चार विशेषणं त्याबदल्यात सोडून देईन.

कर्ण वळतो आणि स्वतःची ओळख देतो. 'राधेयोऽहमाधिरथिः कर्णस्त्वामभिवादये.' तीन नावं, आणि क्रमही बघण्यासारखा. आधी आईचं, मग बापाचं, सगळ्यात शेवटी स्वतःचं. तेव्हा त्याला कृष्णाकडून सगळं कळलेलं आहे. समोर कोण उभी आहे हेही त्याला ठाऊक आहे. तरीही, किंवा म्हणूनच, तो 'राधेय' आधी म्हणतो. कुंतीचं उत्तर त्याच क्रमाने येतं: 'कौन्तेयस्त्वं न राधेयो न तवाधिरथः पिता.' एकेक नाव ती खोडत जाते. आणि पुढच्याच श्लोकात 'पार्थस्त्वमसि पुत्रक'. त्याच्या ओळीतल्या 'कर्णस्त्वाम्'च्या जागी तिचं 'पार्थस्त्वम्'. कानाला ते सरळ उत्तर म्हणूनच ऐकू येतं.

इथे शब्दसूचीवाले अनुवाद फसतात. शब्दसूचीत 'पार्थ' या नावापुढे 'अर्जुन' एवढंच छापलेलं असतं, कारण शंभरातल्या बहुतेक वेळी ते खरं असतं. इंग्रजी वाचक पान उलटून मागे जातो आणि त्याला कळतं ते असं, की कुंती कर्णाला 'तू अर्जुन आहेस' म्हणते आहे. पार्थ म्हणजे पृथेचा मुलगा, आणि पृथा हे कुंतीचं लग्नाआधीचं, शूर राजाच्या घरचं नाव, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. तिच्या मुलांपैकी कुणालाही पार्थ म्हणता येतं. आणि कर्णाला पार्थ म्हणण्यात दुसरी धार अशी की हे नाव लोकांच्या तोंडी त्याच्या शत्रूचं आहे. कुंती तेच नाव त्याच्या अंगावर घालू बघते. पुढे ती स्पष्टच सांगते, 'सूतपुत्रेति मा शब्दः पार्थस्त्वमसि वीर्यवान्', तुला सूतपुत्र हा शब्द नको, तू पार्थ आहेस. भांडण सरळसरळ शब्दावरून चाललं आहे, आणि संपादक म्हणतो सगळीकडे 'कर्ण' लिहा!

मग मी काय लिहीन? ज्या ओळीत आईबापांचाच मुद्दा आहे, तिथे नावाचा अर्थ इंग्रजीत करायचा. 'सन ऑफ राधा', 'सन ऑफ कुंती', 'सन ऑफ पृथा', असं उघडं. 'पृथा' हे कुंतीचं मूळ नाव आहे हे निवेदनात आधीच एका वाक्यात सांगून ठेवायचं, म्हणजे तळटीप लागत नाही. जिथे नाव केवळ हाक आहे, तिथे 'कर्ण'. किसारी मोहन गांगुलींच्या 1883 ते 1896 या काळात आलेल्या अनुवादात 'सन ऑफ' सगळीकडेच आहे, आणि तिथे त्याची अडचण उलटी होते. अर्जुनही 'सन ऑफ कुंती', भीमही, युधिष्ठिरही, पाने न् पाने. इतक्यांदा वाचल्यावर, जिथे त्याला खरंच वजन आहे तिथे ते वाचकाच्या लक्षातच येत नाही. बिबेक देबरॉय यांच्या 2010 ते 2014 मध्ये निघालेल्या दहा खंडांत नावं तशीच आहेत आणि ओळख तळटिपेत. अभ्यासकाला ते सोयीचं आहे, मीही वापरतो. पण संवाद वाचताना डोळा खाली-वर करणारा माणूस संवाद ऐकत नसतो.

हाकांच्या बाबतीत कर्ण किती काटेकोर आहे ते त्याच्या उत्तरात दिसतं. आकाशातून सूर्य सांगतो, पृथा खरं बोलते आहे, आईचं ऐक. निवेदकही म्हणतो, आईने आणि प्रत्यक्ष बाप सूर्याने सांगूनही त्याचं मन हललं नाही. म्हणजे सूर्याला ती आई, निवेदकालाही ती आई. आणि कर्ण तोंड उघडतो तेव्हा तिला हाक मारतो 'क्षत्रिये' म्हणून. तुझं बोलणं ऐकलं, क्षत्रिये. नंतर तो तिला सुनावतो की तू आधी कधी आईसारखी वागली नाहीस, 'मातृवत्' हा शब्द त्याचाच. इंग्रजीत या 'क्षत्रिये'चं 'लेडी' झालं की ती नुसती अदब उरते. व्हॅन ब्यूटेनेन यांनी शिकागोच्या अनुवादात क्षत्रियाला 'बॅरन' म्हटलं आणि त्यावर बरीच चेष्टा झाली, पण निदान जातीचा शब्द जातीच्या शब्दाने द्यायचा, एवढी त्यांची दिशा मला पटते. सूताच्या घरात वाढलेला माणूस आपल्या जन्मदात्रीला तिच्या वर्णाने हाक मारतोय. 'क्षत्रिय वुमन' हे इंग्रजीत खरखरीत लागतं. संस्कृतात ते बोचतंच, तेव्हा लागू द्यावं.

नात्याच्या शब्दांत आणखी एक अवघड जागा आहे, ती म्हणजे 'कानीन'. कुंती म्हणते, 'कानीनस्त्वं मया जातः.' कृष्णाने रथात जे शास्त्र सांगितलं त्याचा पायाच हा शब्द. कुमारिकेला झालेला मुलगा, तिच्याशी जो लग्न करील त्याचा, असं जाणते सांगतात, असं कृष्ण म्हणतो. म्हणजे पंडूशी लग्न झालं तेव्हापासून कर्ण धर्माने पंडूचा मुलगा. सगळ्यात थोरला पांडव. राज्यावर हक्क त्याचा. धर्मशास्त्रात औरस, क्षेत्रज, दत्तक अशा मुलांच्या प्रकारांत कानीन हा एक मानलेला प्रकार आहे. इंग्रजीत सहज हाताशी येणारा शब्द 'इल्लेजिटिमेट', आणि काही ठिकाणी त्याहून रांगडा. तो लिहिला की कृष्णाचा युक्तिवाद उलटा होतो. अनौरस असूनही तुला राज्य देऊ, अशी मेहरबानी वाटते. खरं म्हणजे कृष्ण सांगतोय की कायद्याने ते तुझंच आहे. कर्णही कायदा नाकारत नाही. 'पाण्डोः पुत्रोऽस्मि धर्मतः', धर्माने मी पंडूचा मुलगा आहे, हे तो पहिल्यांदा कबूल करतो. नाकारतो ते पुढचं. आणि कारणं देतो ती अगदी घरातली: अधिरथाने घरी नेलं, राधेच्या ओटीत घातलं, मायेने तिला लगेच पान्हा फुटला, तिने माझं हगमूत काढलं, त्यांनी माझं नाव वसुषेण ठेवलं. अशा बाईचं पिंडदान मी कसं बुडवू?

कायद्याचं नाव एक आणि पान्ह्याचं नाव दुसरं, यातून तो 'राधेय' निवडतो. अनुवादकाने इथे 'बॉर्न टू ॲन अनमॅरीड गर्ल' असं साधं लिहावं आणि पुढचं शास्त्रवाक्य पूर्ण येऊ द्यावं. ते वाक्यच 'कानीन'ची व्याख्या आहे, वेगळी टीप नको.

रथात बसलेले हे दोघे एकमेकांचे कोण? कुंती वसुदेवाची बहीण, म्हणजे कृष्णाची आत्या. कृष्ण कर्णाचा मामेभाऊ. इंग्रजीत 'कझिन'. दुर्योधन? कायद्याने पंडूचा मुलगा धरलं तर चुलतभाऊ, म्हणजे तोही 'कझिन'. कृष्ण स्वतः हा फरक करतो. तुझ्या बापाच्या बाजूला पार्थ आहेत, आईच्या बाजूला वृष्णी, असं तो कर्णाला सांगतो. दोन बाजू, दोन घरं. 'कझिन' या एका शब्दात दोन्ही घरांच्या मधली भिंत पडते. आपल्याकडे सुभद्राहरण ऐकताना कुणी दचकत नाही, कारण मामेबहिणीशी लग्न महाराष्ट्रात आजही अनेक घरांत चालतं आणि चुलत बहिणीशी चालत नाही. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरातल्या मुलाला तेच इंग्रजीत वाचून धक्का बसतो, आणि त्याचे आईवडील मग 'तेव्हाच्या काळी असं होतं' अशी सारवासारव करतात. एकदा, पात्र पहिल्यांदा येताच, 'हिज मदर्स ब्रदर्स सन' असं लांबलचक का होईना लिहून टाकावं. पुढे मग नाव पुरे.

'तात' हा शब्दही असाच. बाप, काका, गुरू, मुलगा, धाकटा भाऊ, कुणालाही तो लागतो. गीतेत कृष्ण अर्जुनाला तात म्हणतो. इंग्रजी अनुवादांत कित्येकदा 'सायर' येतं आणि आई मुलाला 'महाराज' म्हणतेय असं वाटू लागतं. आपण लहान मुलालाही 'अरे बाबा' म्हणतो, तसं ते आहे. प्रत्येक ठिकाणी वय आणि नातं बघून वेगळा शब्द, किंवा काहीच नाही. यात तत्त्वाचा मोठा प्रश्न नाही, नुसती मेहनत आहे.

खरी कसोटी लागते ती युद्धाच्या सतराव्या दिवशी. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतलेलं. तो अर्जुनाला धर्माची आठवण करून देतो, क्षणभर थांब म्हणतो. उत्तर अर्जुन देत नाही, कृष्ण देतो: 'राधेय दिष्ट्या स्मरसीह धर्मम्.' राधेया, बरं झालं, इथे तुला धर्म आठवला. हे त्रिष्टुभ आहे, अनुष्टुभ नाही, पण माप इथेही तेच. 'कौन्तेय' बसला असता. ज्या कृष्णाने याच माणसाला रथात 'कौन्तेय' म्हटलं होतं, तो आता अर्जुनाच्या देखत 'राधेय' म्हणतो. टोमणा तर आहेच. पण रथातल्या त्या भेटीत कर्णाने विनंती केली होती, की हे आपल्यातच ठेव. मी कुंतीचा पहिला मुलगा आहे हे युधिष्ठिराला कळलं तर तो राज्य घेणार नाही. कृष्ण ते पाळतो. एका अक्षराचंही माप न बदलता जे नाव घेता आलं असतं, ते तो घेत नाही, कारण घेतलं असतं तर अर्जुनाचा हात थांबला असता.

म्हणजे कृष्णाच्या तोंडी राधेय, कौन्तेय, पुन्हा राधेय. उद्योगपर्व आणि कर्णपर्व यांच्यात हजारो श्लोक आहेत. बऱ्याचदा दोन पर्वांचे अनुवादकही वेगळे असतात. एकाने 'कर्ण' लिहिलं आणि दुसऱ्याने 'राधेय'ला तळटीप दिली की हा धागा कायमचा तुटला. म्हणून मी अनुवादकांना सुचवीन की प्रसंग हाती घेण्याआधी एका कागदावर फक्त हाका उतरवून घ्याव्यात. कोण बोलतोय, कुणाला, काय म्हणून, आणि त्या वेळी ऐकणाऱ्यांपैकी कुणाला काय माहीत आहे. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण गौप्य तिथे असतं. त्या यादीत एकच नाव सतत येत असेल, किंवा नावं बदलत असूनही नातं जागचं हलत नसेल, तर खुशाल एकच नाव ठेवा, युद्धवर्णनांची पानंच्या पानं त्याने हलकी होतील. नाव बदलताना नातं हललं, तर ते नाव इंग्रजीत दिसलंच पाहिजे, अर्थासकट. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1966 मध्ये पूर्ण केलेली चिकित्सक आवृत्ती हाताशी असल्याने या याद्या करणं आज पूर्वीइतकं कष्टाचं नाही.

शिवाय रोमन लिपीने केलेला एक घोळ अनुवादकाच्या हातात अजिबात नाही. कृष्ण, द्रौपदी म्हणजे कृष्णा, कृष्ण द्वैपायन व्यास, आणि कधी अर्जुनही कृष्ण. चिन्हांशिवाय इंग्रजीत सगळ्यांचं लेखन एकच होतं. तिथे द्रौपदीला 'द्रौपदी'च म्हणावं, मी त्यावर वाद घालणार नाही.

स्त्रीपर्वाच्या शेवटी गंगेवर तर्पण चाललं असताना कुंती मुलांना सांगते. ज्याला तुम्ही सूतपुत्र समजता, राधेय समजता, त्याला पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. इथे ती आधी ही दोन्ही नावं स्वतःच्या तोंडाने घेते, मुलांना जी माहीत आहेत तीच, आणि मग 'भाऊ' म्हणते. नदीकाठी कर्णाला 'न राधेयो' म्हणणारी बाई इथे 'राधेय' म्हणते, कारण नाहीतर ती कुणाबद्दल बोलतेय हेच पांडवांना कळलं नसतं. अनुवादात इथे नुसतं 'कर्णाला पाणी द्या, तो तुमचा भाऊ' असं आलं, तर युधिष्ठिराला इतका वेळ काय ठाऊक नव्हतं हे वाचकाला कळणार तरी कुठून?